बाईंचं रिकामं ताट

मी तोंडाची तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको.

बावीस वर्षं मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. दुपारी दोनशे माणसं जेवायची आणि ताटं धुवायला टाकायच्या खिडकीशी मी स्वतः उभी राहायचे. कोणाच्या ताटात काय उरलंय ते बघितल्याशिवाय ताट पुढे सरकू द्यायचे नाही. सगळ्यांची भाजी उरली तर चूक माझी. एकट्याचीच उरली तर तो आजारी, नाहीतर घरी भांडून आलेला. माणसाच्या तोंडापेक्षा त्याचं ताट खरं बोलतं, असं मी नव्या पोरींना शिकवायचे. आणि माझ्याकडे येणारी ताटं बहुतेक चाटूनपुसून साफ असायची, याचा मला गर्व होता. गर्व म्हणा नाहीतर माज म्हणा, आमचे हे माजच म्हणायचे.

कारखाना बंद पडला तेव्हा मी पंचावन्नची होते. घरी दोघांचाच स्वयंपाक, आणि आमचे हे समोर येईल ते मुकाट्याने गिळणारे. त्यांना वाढणं म्हणजे भिंतीला वाढणं. अशात एक दिवस माझ्या नणंदेचा फोन आला. ही माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. लोकांना डोंगरात घेऊन जायचं काम करते. आठ-दहा माणसं, तंबू, सामान वाहायला खेचरं आणि शेवटी एक उंच खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं. तिचा स्वयंपाकी ऐन हंगामात पाय मोडून घरी बसला होता.

"वहिनी, येतेस का? डझनभर माणसांचं तर करायचंय. तुला काय, हातचा मळ."

एरवी मी तिला 'अगं' म्हणते, चिडले की 'वन्सं'. त्या दिवशी 'अगं' म्हणाले आणि गेले.

पायथ्याच्या गावात दोन दिवस राहिलो. एकोणतीसशे मीटर उंची. सगळं छान चाललं होतं. आठ पाहुणे पोटभर जेवत होते आणि मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत होते. त्या आठांमध्ये एक दातांचा डॉक्टर होता, सतत विनोद करणारा. आणि एक बाई होत्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, तीस वर्षं प्राथमिकला शिकवून त्याच वर्षी निवृत्त झालेल्या. बारीक चणीच्या, ताठ मानेच्या. त्यांनी शाळेतल्या सहकाऱ्यांना निरोप समारंभात सांगून टाकलं होतं, 'मी ती खिंड ओलांडणार आणि वरून तुम्हाला फोटो पाठवणार.' कोणी खो-खो हसलं होतं म्हणे. ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही साडेतीन हजारांवरच्या मुक्कामाला पोचलो. मी सगळ्यांना खूश करायचं म्हणून हात सैल सोडला. तुपात परतलेले बटाटे, अंडी, वर चीज, कुकरमधला मोकळा भात, मिरी घातलेलं सूप. तिथे पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापत नाही, कुकरशिवाय भात कच्चाच राहतो. एवढं सगळं सांभाळून मी ताटं वाढली. अर्ध्या तासाने सात ताटं परत आली ती भरलेलीच. भात नुसता उकरलेला, अंडी कडेला सारलेली.

माझं डोकं फिरलं. मी कालथा घेऊन थेट जेवणाच्या तंबूत गेले.

"काय वाईट आहे ते तरी सांगा! खालून खेचराच्या पाठीवर अंडी आणलीत मी, एकेक कागदात गुंडाळून. परत आलेलं ताट म्हणजे माझ्या तोंडावर मारल्यासारखं आहे, कळलं ना?"

सगळे खाली माना घालून बसले. तेवढ्यात बाई उठल्या आणि आपलं ताट माझ्या हातात दिलं. लख्ख. एक शीत नाही.

"फार सुरेख झालं होतं हो," त्या म्हणाल्या. "अन्न टाकू नये, हेच मी मुलांना तीस वर्षं शिकवलं."

"बघा!" मी बाकीच्या सातांना ते ताट दाखवलं. "शिका काहीतरी बाईंकडून."

आज ते वाक्य आठवलं की माझीच मला लाज वाटते. पण तेव्हा मी तरंगत स्वयंपाकाच्या तंबूत परतले.

सकाळी नणंद माझ्यासमोर येऊन बसली. तिने बटाट्याच्या चिप्सचं एक पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. खाली घेतलं तेव्हा चपटं होतं, आता फुग्यासारखं टम्म झालं होतं.

"हे कशाने फुगलं सांग."

"मला काय विचारतेस? कंपनीला विचार."

"बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला म्हणून आतली हवा पसरली. तुझ्या पाहुण्यांच्या पोटातला वायूही असाच पसरतो. चार घास खाल्ले की पोट तट्ट. आणि ते सगळ्यात लहान कारण आहे." ती बोटांवर मोजत बसली नाही, एका दमात बोलत सुटली. "पोटात एक रस तयार होतो, तो मेंदूला सांगतो की भूक लागली, काहीतरी पाठव. ऑक्सिजन कमी झाला की तो रसच कमी सुटतो. उलट 'पुरे झालं' असं सांगणारे दुसरे असतात, ते वाढतात. पोट रिकामं व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागतो, म्हणजे दुपारचं रात्रीपर्यंत तिथेच बसून. नाक कोरडं, गारठलेलं, वास नीट येत नाही. वास नाही तर चव कुठली? त्यात तू तुपात न्हाऊ घातलेले बटाटे वाढलेस. तूप पचायला सगळ्यात उशीर."

"म्हणजे माझं तूप चुकलं?"

"तूप चांगलं होतं. उंची चुकली. इथे भात, पेज, पाव, साखर, असलं हलकं द्यायचं. ते जाळायला शरीराला ऑक्सिजनही थोडा कमी लागतो. आणि थोडं थोडं, पाच-सहा वेळा. चढताना शरीर खर्च जास्त करतं आणि मागतं कमी, असा उफराटा कारभार आहे. म्हणून खायला तर लावायचं, पण दटावून नाही."

"वन्सं," मी म्हटलं, "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. मग बाईंना बरी भूक लागते? त्यांच्या पोटाला उंची कळत नाही?"

ती जरा घुटमळली. "काहीजणांची भूक टिकते. सगळ्यांची सारखी जात नाही."

"मग झालं तर. नाचता येईना अंगण वाकडं."

त्यावर ती हसली आणि मला एकच गोष्ट नीट लक्षात ठेवायला सांगितली. नुसती भूक जाणं हा आजार नाही, ते इथे बहुतेकांचं होतंच आणि दोन-चार दिवसांनी शरीर रुळलं की सुधारतं. पण भूक जाऊन त्याबरोबर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर ते उंचीचं दुखणं. त्या माणसाला वर न्यायचं नाही. आणि तो तोल जाऊन चालायला लागला तर मेंदूला सूज येतेय, मग क्षणाचाही वेळ न घालवता खाली. म्हणून ती रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला विचारून कार्डावर लिहायची: डोकं, मळमळ, चक्कर, थकवा, भूक. भुकेच्या रकान्यासाठी ती लोकांना विचारायचीच नाही. ती माझ्याकडे यायची आणि ताटं बघायची. लोक भुकेबद्दल खोटं बोलतात, ताट बोलत नाही, असं तिचं म्हणणं. माझंच वाक्य तिने उचललं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

त्या दिवसापासून मी तूप बंद केलं. पेज, मऊ भात, उकडलेले बटाटे, गोड चहा. मीठ आणि मिरी मात्र वाढवत गेले, कारण सगळे म्हणायचे, काही लागतच नाही जिभेला. ताटं थोडी सुधारली, पण अर्धी तर परत यायचीच. फक्त बाईंचं ताट प्रत्येक वेळी लख्ख. थंडी वाजते म्हणून त्या आपल्या तंबूत बसून जेवायच्या, आणि जेवण झालं की स्वतः ताट घेऊन माझ्या तंबूत यायच्या आणि स्टोव्हपाशी हात शेकत बसायच्या. आमची चांगली गट्टी जमली. नणंद आत आली की मी मुद्दाम ते ताट उलटं करून दाखवायचे.

बाई शाळेच्या गोष्टी सांगायच्या. त्यांच्या शाळेत दुपारचं जेवण मिळायचं आणि मुलांनी ताट रिकामं केल्याशिवाय बाई कोणाला मैदानावर सोडायच्या नाहीत.

"एकेक पोरगं काय अवली असायचं! कोणी भाजी मोज्यात घालायचं. एकीने तर महिनाभर कंपासपेटीत भात लपवला, वासावरून सापडली. आणि एक होता, तो पाण्याच्या बाटलीत कोंबायचा. वर झाकण लावून साळसूदपणे बसायचा. त्याला पकडायला मला वर्ष लागलं."

"पकडल्यावर काय केलंत?"

"समोर बसवून खायला लावलं," त्या म्हणाल्या आणि आगीकडे बघत राहिल्या. मला तेव्हा वाटलं, त्यांना झोप येतेय.

एकेचाळीसशे मीटरवर आमचे दोन मुक्काम होते. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून सहाला खिंडीकडे निघायचं. मधल्या दिवशी सगळ्यांनी आराम केला. नणंदेने बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला. बाईंचा चौऱ्याऐंशी, डॉक्टरचा ब्याऐंशी, तेवढ्या उंचीवर चालतं. बाईंनी डोकं दुखत नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळचं ताट लख्ख. कार्डावर सगळीकडे शून्य. दातांच्या डॉक्टरचं डोकं दुखत होतं आणि ताट अर्धं होतं, म्हणून नणंद उलट त्याच्याचभोवती घुटमळत होती. तो म्हणालाही, "मला एवढं तपासताय, बाईंना तपासा, त्या माणूस आहेत की यंत्र?" आम्ही सगळे हसलो.

सकाळी साडेपाचला उजाडलं होतं. सगळ्यांच्या थर्मासमध्ये गरम पाणी भरायचं काम माझं. बाई आपला थर्मास कधी द्यायच्या नाहीत, 'मी भरून घेते, तुम्हाला कशाला त्रास' म्हणायच्या. रुंद तोंडाचा होता, सूप न्यायचा असतो तसा. त्या दिवशी मात्र तो त्यांच्या तंबूच्या दाराशीच पडलेला होता आणि बाई आत वाकून बूट बांधत होत्या. मी म्हटलं, चला, आज आपण त्यांची सेवा करू. उचलला. जड लागला. पाणी शिळं असेल म्हणून ओतून द्यायला झाकण फिरवलं.

आत भात होता. त्याखाली बटाटा. त्याखाली, घट्ट दाबून बसवलेली, आदल्या दुपारची पेज आणि पाव. मी चमच्याने काढून ताटलीत ठेवत गेले. आदल्या संध्याकाळचं जेवण पूर्ण, दुपारचं पूर्ण, सकाळचाही थोडा भाग. मी वाढलेलं मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? बटाटा कोणत्या बाजूने कापला होता तेही मला आठवत होतं.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण मी इतके दिवस बघितलंच कुठे होतं? मला आवडायचं तेवढंच मी बघत होते. त्या रोज हा थर्मास खडकांमागे नेऊन रिकामा करत असणार. आज तेवढं चालायचीही ताकद उरली नव्हती, म्हणून तो तिथे तसाच पडला होता. 

बाहेर सगळे काठ्या हातात घेऊन उभे होते. मी नणंदेला हाताला धरून माझ्या तंबूत ओढलं आणि ताटली दाखवली.

"अगं, बाईंचं ताट खोटं होतं."

तिला एकच क्षण लागला. मग ती बाहेर गेली आणि अगदी सहज आवाजात म्हणाली, "बाई, निघायच्या आधी एक गंमत करू. पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या बोटांना लावत चालायचं. ही दोरी जमिनीवर टाकलीय, तिच्यावरून दहा पावलं."

बाई हसत दोरीवर आल्या. एक पाऊल. दोन. तिसऱ्याला हात पसरले. चौथ्याला त्या डावीकडे कलंडल्या आणि नणंदेने धरलं नसतं तर दगडावर आपटल्या असत्या.

"बूट सैल आहे," बाई म्हणाल्या.

"पुन्हा करा."

पुन्हा तेच. आता कोणी हसत नव्हतं.

"थकवा आहे हो थोडा. मी व्यवस्थित जेवतेय. यांना विचारा ना," आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगा ना तुम्ही. माझं ताट रोज तुम्हीच घेता."

आठ माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांच्यासमोर मी ज्या बाईला डोक्यावर घेऊन नाचले होते, ती माझ्याकडून एक शब्द मागत होती, आणि तो मिळाला तर कदाचित तिला खिंड मिळाली असती. मला कधी कोणापुढे माझा स्वयंपाक कोणी खाल्ला नाही असं म्हणावं लागलं नव्हतं.

"नाही बाई," मी म्हटलं. "कालपासून तुमच्या पोटात माझा एक घासही गेलेला नाही. मला थर्मास सापडला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गात पकडलेल्या पोरासारखं त्यांनी दोन्ही हात मागे नेले. मग सगळं बाहेर आलं. पहिल्या मुक्कामावरचं ते ताट त्यांनी कसंबसं संपवलं होतं, त्यानंतर घास गिळवत नव्हता. डोकं तीन दिवस दुखत होतं, त्या गुपचूप गोळ्या घेत होत्या. आदल्या रात्री दोनदा उलटी झाली होती.

"तुम्ही त्या दिवशी इतकं लागून म्हणालात. आणि मग सगळ्यांना माझं ताट दाखवलंत. त्यानंतर अर्धं ताट घेऊन तुमच्यासमोर कसं यायचं, मला कळेना."

मी त्यांचे मागे नेलेले हात पुढे घेऊन धरले. तिखट तोंडाचा तेव्हा काही उपयोग नव्हता.

नणंदेने त्यांना सूज उतरवणारं औषध दिलं, छोट्या नळकांड्यातला ऑक्सिजन नाकाला लावला आणि पाच मिनिटांत कामं वाटली. तिचा मदतनीस बाकीच्या सात जणांना घेऊन तिथेच थांबणार, आजची खिंड रद्द. बाईंना खेचरावर बसवायचं, खेचरवाला लगाम धरणार, एका बाजूने ती.

"दुसऱ्या बाजूने मी," मी म्हटलं.

"वहिनी, इथे स्वयंपाक कोण करणार?"

"कोणाला भूक आहे इथे? तूच म्हणालीस ना."

दातांचा डॉक्टर पुढे झाला आणि म्हणाला, पेज मी करतो, जळली तर कोणाच्या जिभेला कळणार आहे? त्याचं डोकं दुखायचं रात्रीच थांबलं होतं. त्या माणसाचे विनोद मला कधी आवडले नव्हते, पण त्या सकाळचा तो एक विनोद मी त्याच्या नावावर जमा करून ठेवलाय.

बाराशे मीटर उतरायचे होते. बाई सुरुवातीला असंबद्ध बोलत होत्या, मधेच मुलांची हजेरी घेत होत्या. मी त्यांची कंबर धरून चालले होते आणि सारखी उत्तरं देत होते, "हजर, बाई." खेचर शहाणं होतं, एकेक पाय चाचपून टाकत होतं. मी कधी कोणा जनावराला नमस्कार केला नव्हता, त्या वाटेवर मनात दहा वेळा केला. पहिला मुक्काम मागे पडला, झुडपं दिसायला लागली, आणि एका वळणावर बाई स्वतःहून म्हणाल्या, "उन्हात बसवलंत मला, टोपी द्या." नणंद माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी पायथ्याच्या आरोग्य केंद्रात पोचलो. दोन खाटांची खोली, पांढऱ्या फरशा, खिडकीत औषधांचे खोके. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ऑक्सिजन सुरू ठेवला आणि आमच्याकडे वळल्या.

"सूज नुकती सुरू झाली होती. आज खिंडीकडे सातशे-आठशे मीटर आणखी चढल्या असत्या तर मी हे बोलत बसले नसते. कोणाच्या लक्षात आलं?"

नणंदेने माझ्याकडे बोट दाखवलं. मी तिचा हात खाली केला. माझ्या जिभेमुळे त्या बाईंनी आजार लपवला होता, त्याबद्दल मी शाबासकी कशी घेऊ?

बाहेरच्या बाकावर नणंद आणि मी बसलो. ती कार्डावरच्या त्या शून्यांकडे बघत होती.

"चूक माझी," ती म्हणाली. "भुकेबद्दल मी बाईंना एकदाही विचारलं नाही. ताटावर विसंबले."

"ताट कोणाचं होतं?"

"तुझं."

"मग अर्धी अर्धी घेऊ," मी म्हटलं. "अगं, तू मला वर बोलावलंस ना, त्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. मानते आज." ती रडली. मीही रडले. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, पण नणंद-भावजय अशा एका बाकावर रडलो ते पहिल्यांदाच.

त्यानंतर मी नियम केला. तिच्याबरोबर मी पुढे चार हंगाम केले, आणि प्रत्येक वेळी पहिल्याच संध्याकाळी कालथा खाली ठेवून पाहुण्यांना सांगायचे: ताटात टाका, पण माझ्या डोळ्यांसमोर टाका. अर्धं खाल्लंत तर अर्धं म्हणा. मी रागावणार नाही. आणि रागावले तरी ऐकू नका, माझा स्वभावच तसा आहे. नणंद ताट बघायची आणि मग माणसालाही विचारायची. दोन्ही जुळलं तरच कार्डावर लिहायची.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रामागच्या छोट्या स्वयंपाकघरात उभी होते. तिथला स्टोव्ह फुरफुरत होता आणि मी पेज ढवळत होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या बाई काहीतरी मागताहेत."

मी आत गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, पण डोळे नीट होते.

"भूक लागलीय," त्या म्हणाल्या.

हे दोन शब्द मी कँटीनमध्ये लाखो वेळा ऐकले असतील. इतके गोड कधी लागले नव्हते. वाटी भरून आणली, हातात दिली आणि पाठ फिरवून खिडकीतले खोके सारखे करत बसले, कारण त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची माझी हिंमत नव्हती.

चमच्याचा आवाज येत होता. मग थांबला.

"त्या पोराला मी समोर बसवून खायला लावलं होतं," बाई मागून म्हणाल्या. "बाटलीवाल्याला. संपूर्ण वर्ग बाहेर खेळत होता. त्याला खरंच जात नसेल हो. मी विचारलंच नाही कधी."

"मी तरी कुठे विचारलं तुम्हाला?"

"खिंड राहिली."

"खिंड कुठे पळून जातेय? पुढच्या वर्षी या. अर्धं ताट घेऊन या."

त्या हसल्या. पुन्हा चार चमचे झाले. मग त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. अर्धी भरलेली होती.

"आता पुरे. जात नाही मला. आणि रागावणार नसाल तर सांगते, मीठ फार पडलंय."

मी चमचा घेऊन चव घेतली. खारट ढाण होती. वरच्या उंचीवर कोणाच्या जिभेला काही लागत नव्हतं म्हणून मी दिवसेंदिवस मीठ वाढवत गेले होते, आणि खाली आल्यावरही हात त्याच मापाने चालला होता. बाकीच्या सातांपैकी एकानेही मला हे कधी सांगितलं नसतं.

"खरंच की," मी म्हटलं. "बरं झालं सांगितलंत."

मी ती अर्धी वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि नणंदेला दाखवायला घेऊन गेले.